रात्री पाय दुखतो, सकाळी रन काढतो!

रात्रीचा दीड. "मम्मी, पाय!" माझा मामेभाऊ रडत उठतो. वय वर्षं आठ, क्रिकेटचं वेड इतकं की बॅट उशाशी घेऊन झोपतो. मामी अर्धा तास पाय चेपते, तेव्हा कुठे त्याचा डोळा लागतो. आणि सकाळी सात वाजता? हा पठ्ठ्या खाली पार्किंगमध्ये रन काढतोय!

दोन महिने आठवड्यातून दोन-तीनदा हेच चाललेलं. आजी म्हणाली, नजर लागली. मामा म्हणाला, क्रिकेट बंद. मामी मोबाइलवर शोधत शोधत थेट हाडांच्या कॅन्सरपर्यंत पोचली आणि घाबरून गेली. शेवटी मी त्यांच्यासोबत बालरोगतज्ज्ञांकडे गेले.

डॉक्टरांनी त्यालाच विचारलं, "कुठे दुखतं? एका बोटाने दाखव." त्याला जमेना. त्याने अख्खा हात दोन्ही पोटऱ्यांवरून आणि मांड्यांवरून फिरवला. ही पहिली खूण. हाडात काही बिघडलं असेल तर मूल बहुतेक वेळा एकाच पायातली ठरावीक जागा दाखवतं.

दुसरा प्रश्न, सकाळी लंगडतो का? अजिबात नाही. तिसरा, ताप, सूज, वजन कमी होणं? तेही नाही. मग त्यांनी हाडं दाबून पाहिली, गुडघे वाकवले, खुबे फिरवले. कुठेच दुखलं नाही. पाय चेपल्यावर बरं वाटतं, हेही त्यांनी लक्षात घेतलं. सांधा सुजून दुखत असेल तर मूल सहसा हात लावू देत नाही.

निदान झालं, 'ग्रोइंग पेन्स'. एक्स-रेची गरजच पडली नाही.

गंमत म्हणजे हे नावच फसवं आहे. साधारण 3 ते 12 या वयात हे दुखणं दिसतं, पण उंची झपाट्याने वाढते ती त्यानंतर, वयात येताना. हाडं वाढल्यामुळे दुखतं असं सिद्ध झालेलं नाही. दिवसभर धावल्यावर रात्री जास्त दुखतं, एवढं मात्र बऱ्याच घरांत दिसतं.

मग क्रिकेट बंद? नाही! झोपण्याआधी पोटऱ्या-मांड्यांचं स्ट्रेचिंग, दुखलं की मालिश आणि गरम शेक. फारच दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही वजनानुसार डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसमध्येच.

निघताना डॉक्टरांनी मामीला बजावलं, "एकाच पायात, एकाच जागी दुखायला लागलं, सकाळीही दुखणं राहिलं, लंगडला, सांधा सुजला किंवा ताप आला, तर 'वाढीचं दुखणं' म्हणून घरी बसू नका. लगेच या."

तुमच्या घरातही असा एखादा छोटू रात्री उठत असेल, तर दोन आठवडे वहीत लिहा: कुठला पाय, किती वाजता, सकाळी कसा चालला. डॉक्टरांना या नोंदींचा खूप उपयोग होतो.

आमचा छोटू अजूनही अधूनमधून उठतो. मामी पाय चेपते, पण आता रडत नाही. आणि मामा? रविवारी त्याला बॉलिंग टाकतो!