पाणमांजर की मुंगूस?

गोव्याच्या खाजणांतील आणि चोडण बेटाभोवतीच्या कांदळवनांतील खाड्यांमध्ये तलम कातडीचे पाणमांजर राहते. त्याच काठांवर मुंगूसही खेकडे शोधत फिरते, त्यामुळे दुरून काढलेल्या फोटोंत दोघांची गल्लत होते.

शेपूट दिसत असेल तर आधी तिच्याकडे पाहावे. पाणमांजराची शेपूट बुडाशी जाड, स्नायुमय असते आणि टोकाकडे निमुळती होत जाते. या जातीत ती शेवटी चपटीही असते. तिच्यावर केस आखूड असतात. मुंगसाची शेपूट मात्र लांब केसांनी झुपकेदार असते. घुशीची शेपूट बारीक, खवल्यांच्या वलयांची आणि जवळजवळ केसविरहित दिसते.

चेहऱ्यात फरक तितकाच स्पष्ट आहे. पाणमांजराचे डोके रुंद, कान लहान आणि मिशा दाट असतात. मुंगसाचे तोंड टोकदार असते.

फोटोत बहुधा पाण्याबाहेरचे डोकेच येते, आणि खरी अडचण तिथेच आहे. पाणमांजर पोहताना शरीर खोल ठेवते. अनेकदा फक्त डोके दिसते व मागे पाण्यावर कोनाकार लाट उमटते. बुडी मारताना पाठीची कमान व शेपूट क्षणभर वर येते. मुंगूस पोहू शकते, पण त्याची पाठ बहुधा वर तरंगताना दिसते. एकाच फोटोवरून निर्णय देणे धोक्याचे. लागोपाठ काढलेल्या फोटोंत बुडी आणि शेपूट सापडली, तरच ओळख पक्की मानावी. ओल्या केसांचा रंग मात्र पुरावा म्हणून धरू नये, कारण भिजल्यावर सगळेच काळपट दिसतात.