साठीतल्या धावपटूची वेळ कशी तोलावी?

डिसेंबर २०१३मध्ये बारामतीच्या मॅरेथॉनमधली ज्येष्ठांची तीन किलोमीटरची शर्यत लता भगवान करे यांनी नऊवारी लुगड्यात धावून जिंकली. नवऱ्याच्या उपचारांसाठी बक्षिसाचे पैसे हवे होते, ही त्यामागची कहाणी घराघरांत पोचली. त्यांचं वय मात्र कुठे एकसष्ट, तर कुठे पासष्टच्या पुढे छापून आलं. कहाणीला त्यानं फरक पडत नाही, पण शर्यतीच्या हिशेबाला पडतो. 'साठ वर्षांवरील' असा एकच गट केला की एकसष्टीचा आणि पंचाहत्तरीचा धावपटू एकाच रेषेवर उभे राहतात, आणि तिथे निकाल बहुतेकदा वयच लावतं. नांदेड-लातूरच्या शर्यतींत ज्येष्ठांना खरा न्याय द्यायचा असेल, तर वयसापेक्ष गुणांकन हाच मार्ग आहे. मात्र त्याआधी वयाचा पुरावा पक्का हवा.

पद्धत सोपी आहे. जागतिक ज्येष्ठ ॲथलेटिक्स संघटनेनं १९८९पासून प्रत्येक अंतरासाठी, प्रत्येक वयाच्या स्त्री-पुरुषांसाठी मानक वेळांचे तक्ते वापरात आणले. मानक वेळ म्हणजे त्या वयात माणूस साधारण जास्तीत जास्त किती वेगानं धावू शकतो, याचा अंदाज. विक्रमांवरून एक सलग वक्ररेषा काढतात आणि ठरावीक वर्षांनी ती सुधारतात. मानक वेळेला धावपटूच्या वेळेनं भागून शंभरानं गुणलं की टक्केवारी मिळते. नव्वदच्या पुढे जागतिक, ऐंशीच्या पुढे राष्ट्रीय, सत्तरच्या पुढे प्रादेशिक दर्जा, असा ढोबळ अर्थ लावतात. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२०मध्ये दिल्लीत अर्धमॅरेथॉन एक तास तीस सेकंदांत धावला. त्याच वर्षी व्हॅलेन्सियात किबिवोट कांडीनं ५७ मिनिटं ३२ सेकंदांचा विश्वविक्रम केला. त्या मापानं साबळे ९५ टक्क्यांवर येतो.

आता पूर्ण मॅरेथॉनचं उदाहरण घेऊ. तक्त्याऐवजी प्रत्यक्ष विक्रमी वेळाच मानक धरू, म्हणजे हिशेब ताडून पाहता येईल. केल्व्हिन किप्टम २०२३मध्ये २ तास ३५ सेकंदांत धावला. टॉमी ह्यूजनं २०२०मध्ये साठाव्या वर्षी २ तास ३० मिनिटं २ सेकंद, तर जपानच्या मारिको युगेता यांनी २०२१मध्ये बासष्टाव्या वर्षी २ तास ५२ मिनिटं १३ सेकंद अशी वेळ दिली. समजा, आपल्या शर्यतीत तीस वर्षांचा तरुण तीन तासांत, साठीचे गृहस्थ साडेतीन तासांत आणि बासष्टीच्या बाई ३ तास ५० मिनिटांत पोचल्या. टक्केवारी अनुक्रमे ६७, ७१.४ आणि ७४.९ येते. घड्याळात सर्वांत मागे असलेल्या बाई इथे पहिल्या ठरतात.

यावर पहिला आक्षेप असा की, बाईंना झुकतं माप मिळालं. आक्षेपात तथ्य आहे. साठीनंतर धावणाऱ्या बायका जगभर कमी, त्यामुळे त्यांचे विक्रम पुरेसे कसाला लागलेले नाहीत आणि मानक थोडं सैल राहतं. युगेतांसारख्या धावपटूंनी विक्रम मोडले की तक्ते घट्ट होत जातात. पण म्हणून पद्धत सोडून द्यायची, तर उरतो तो साठीवरील सरसकट गट, आणि त्यात याहून मोठा अन्याय आहे. दुसरा आक्षेप उन्हाचा. तक्त्यांना मराठवाड्यातला उकाडा ठाऊक नाही, हे खरं. पण एकाच सकाळी, एकाच रस्त्यावर धावलेल्यांना ऊन सारखंच लागतं. त्यांची आपापसांतली तुलना बऱ्याच अंशी टिकते. नांदेडच्या टक्केवारीशी लातूरची टक्केवारी ताडायची नाही, एवढं पथ्य पाळावं लागेल, विशेषतः अंतर नीट मोजलेलं नसेल तर.

तिसरी अडचण खास आपली आणि सर्वांत गंभीर आहे. शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली, की गुरुजी अंदाजानं १ जून लिहीत. आज साठी-सत्तरीत असलेल्या कित्येकांच्या दाखल्यावर तीच तारीख आहे, आणि साल बरोबर असेलच असं नाही. एड व्हिटलॉक त्र्याहत्तराव्या वर्षी मॅरेथॉन २ तास ५५ मिनिटांच्या आत धावला. ह्यूजच्या वेळेशी ती ताडली, तर साठीनंतर मानक वेळ वर्षाला सुमारे दोन मिनिटांनी वाढते. वरच्या उदाहरणातले गृहस्थ प्रत्यक्षात चौसष्टचे असतील, तर त्यांची टक्केवारी ७१.४ऐवजी ७५ होईल आणि पहिला क्रमांक त्यांच्याकडे जाईल. म्हणजे चार वर्षांच्या चुकीनं निकालच फिरतो.

म्हणून आयोजकांनी नोंदणीच्या वेळीच कागद पाहावा आणि निकालपत्रात वेळ, वय व मानक वेळ शेजारी-शेजारी छापावी, म्हणजे कुणालाही भागाकार करून पाहता येईल. एक जूनच्या तारखा बघता एखाद्या टक्क्याच्या फरकावर विजेता ठरवू नये. तिथे बक्षीस वाटून द्यावं. वयाची एका वर्षाची चूकही तेवढा फरक सहज पाडते.