लाल चौकटीतला देश

महाराष्ट्रात ‘फ्रँकिंग’ हा शब्द कानावर पडला की फ्लॅटचा करारनामा आठवतो. बँकेच्या एका काउंटरवर पैसे भरायचे, कागद यंत्रात जायचा आणि वर लाल ठसा उमटून यायचा. त्या ठशावर महाराष्ट्राचे नाव आणि मुद्रांक शुल्काचा उल्लेख असे. पोस्टाच्या फ्रँकिंग मशीनचा ठसा याचाच सख्खा भाऊ. यंत्रे बहुधा त्याच कंपन्यांची, शाईही तशीच लाल. त्यामुळे जुन्या कागदांच्या ढिगाऱ्यात लाल ठसा दिसला, की आधी तो टपालाचा आहे का हे पाहावे. मुद्रांक शुल्क वसूल करते राज्य सरकार, म्हणून त्या ठशावर राज्याचे नाव येते. टपाल हे देशाचे खाते, म्हणून टपालाच्या ठशावर देशाचे नाव असते.

हे मला शिकवले माझ्या मामांनी. ते फोर्टमधल्या एका निर्यात कंपनीत पत्रव्यवहार सांभाळत. परदेशातून आलेली पाकिटे कचऱ्यात जाण्याआधी ते उचलून घरी आणत. तिकिटे लावलेली पाकिटे शेजारची मुले मागून नेत. लाल ठशांची पाकिटे मात्र कुणालाच नको असत, आणि तीच बुटांच्या तीन खोक्यांत साठत गेली. मामा गेल्यावर ती खोकी माझ्याकडे आली.

असा ठसा हातात घेतला की त्याचे तीन भाग वेगवेगळे करून पाहावे लागतात. एका टोकाला चौकट असते आणि तिच्यात किती टपालखर्च भरला त्याचा आकडा. शेजारी गावाचे नाव आणि तारीख, बहुधा गोल शिक्क्यात. उरलेल्या जागेत पाठवणाऱ्या कंपनीचे चिन्ह, पत्ता किंवा जाहिरात. नवखा माणूस जाहिरात वाचतो, कारण तिची अक्षरे सर्वांत ठळक असतात. त्या जाहिरातीचा छाप कंपनीने स्वतःच्या खर्चाने करून घेतलेला असतो आणि त्यात तिला पाहिजे ते लिहिता येते. मूल्याची चौकट मात्र टपालखात्याच्या परवानगीशिवाय बदलता येत नाही. देश तिथेच शोधायचा.

असे का, हे यंत्राच्या व्यवहारातून कळते. फ्रँकिंग मशीन म्हणजे खाजगी कचेरीत ठेवलेला पैसे छापण्याचा लहानसा कारखानाच. म्हणून त्याला परवाना लागतो. जुन्या काळी यंत्राचा मोजणारा भाग सीलबंद असे. ठरावीक काळाने तो पोस्टात न्यायचा, आगाऊ पैसे भरायचे आणि पोस्टाचा माणूस तेवढी रक्कम आत चढवून पुन्हा सील लावायचा. रक्कम संपली की यंत्र अडून बसे. यंत्र बनवणारी कंपनी अमेरिकेची असो, स्वित्झर्लंडची असो वा जर्मनीची, चौकटीतला छाप ज्या देशात यंत्र चालणार त्या देशाच्या टपालखात्याच्या मंजुरीने कोरला जाई. चौकटीजवळ बहुतेक वेळा एक क्रमांकही असतो. तो यंत्राचा किंवा परवान्याचा असतो, आणि ठशाबद्दल शंका आली तर कोणत्या कचेरीत विचारायचे हे पोस्टाला त्यावरून कळते.

न्यूझीलंडमध्ये अशी यंत्रे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच वापरात आली होती. अमेरिकेने १९२० मध्ये पिटनी-बोज कंपनीच्या यंत्राला मान्यता दिली. पण परदेशी पत्रावर असा ठसा चालेल का, हा प्रश्न उरला होता. तिकीट नसलेले पाकीट दुसऱ्या देशाच्या पोस्टाने पैसे भरलेले कसे मानायचे? जागतिक टपाल संघाच्या १९२० च्या माद्रिद अधिवेशनात यावर तोडगा निघाला आणि १९२२ पासून हे ठसे परदेशी टपालावर अधिकृतपणे चालू लागले. त्यासाठीचे नियम साधे होते. रंग भडक लाल हवा आणि मूळ देशाचे नाव रोमन लिपीत हवे. जुने ठसे जगभर लाल का, याचे उत्तर या नियमात आहे.

मात्र देश स्वतःला ज्या नावाने ओळखतो ते नाव चौकटीत असते, आपण म्हणतो ते नाही. मामांच्या खोक्यात हेल्व्हेटिया नावाचा बराच मोठा गठ्ठा होता, आणि लहानपणी मी ते कंपनीचे नाव समजत होतो. ते स्वित्झर्लंड. जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार भाषांच्या देशाने कुणा एकीचे नाव न घेता हे लॅटिन नाव पुढे केले आहे. हर्वात्स्का म्हणजे क्रोएशिया, मॅग्यार पोस्टा म्हणजे हंगेरी, सुओमी म्हणजे फिनलंड, एअर म्हणजे आयर्लंड. एकाच चौकटीत दोन भाषा दिसल्या तर ओळख आणखी पक्की होते. फिनलंड फिनिश आणि स्वीडिश अशी दोन्ही नावे लिहितो, बेल्जियम फ्रेंच आणि डच, कॅनडा फ्रेंच आणि इंग्रजी.

सर्वांत जास्त फसवतो तो मुकुट. चौकटीवर मुकुट दिसला की लोक ब्रिटन म्हणून मोकळे होतात. पण साम्राज्यातल्या अनेक वसाहतींच्या टपालखात्यांनी मुकुट वापरला आणि लंडनच्या कंपन्यांची एकाच घडणीची यंत्रे त्या सगळीकडे गेली. त्यामुळे हाँगकाँगची चौकट आणि ब्रिटनची चौकट लांबून जुळ्या बहिणींसारखी दिसू शकते. मुकुट बाजूला ठेवून अक्षरे वाचावीत. ब्रिटनच्या तिकिटांवर देशाचे नाव नसते हे अनेकांना ठाऊक असते आणि तोच न्याय ते ठशालाही लावतात. प्रत्यक्षात ब्रिटनच्या नंतरच्या ठशांवर ‘ग्रेट ब्रिटन’ असे स्पष्ट छापलेले आढळते. तिकिटांना मिळालेली सूट यंत्राच्या ठशांना लागू धरू नये.

आता मला तीन संध्याकाळ गुंतवून ठेवणारे पाकीट सांगतो. मळकट तपकिरी कागद, युद्धानंतरच्या टंचाईतला, खरखरीत. त्यावर फिकट लाल ठसा. शिक्क्यातले गाव हाम्बुर्ग, साल ४७, मूल्य ७५, पत्ता मुंबईचा. गाव वाचता आले म्हणजे देश कळला, असे पहिल्या क्षणी वाटले. पण १९४७ सालच्या मे महिन्यात हाम्बुर्गमध्ये परवाना देणारे खाते नेमके कोणते होते?

तपकिरी कागदावरचा फिकट लाल नुसत्या डोळ्यांनी वाचणे कठीण असते. त्यावर एक सोपा उपाय आहे. भेटवस्तू गुंडाळायचा हिरवा पारदर्शक कागद डोळ्यांसमोर धरून ठसा पाहावा. हिरव्यातून लाल प्रकाश जवळजवळ येतच नाही, त्यामुळे लाल अक्षरे काळपट होऊन उठून दिसतात आणि कागद मात्र उजळ राहतो. पाकीट ओले करून साफ करायचा मोह टाळावा, शाई पसरली तर जे दिसत होते तेही जाते. भिंगाखाली मला चौकटीच्या वरच्या कडेला ‘डॉइच्ये’ दिसले, मग मोकळी जागा, मग ‘पोस्ट’. मधे काहीच नाही. पण ती जागा नुसती कोरी नव्हती. तिथे शाईचे दोनतीन बारीक ओरखडे होते आणि दोन शब्दांतले अंतर एका अख्ख्या शब्दाइतके होते.

तिथे पूर्वी ‘राइख्स’ होते. डॉइच्ये राइख्सपोस्ट, म्हणजे जर्मन राइखचे टपाल. मे १९४५ मध्ये राइख कोसळले, पण कचेऱ्यांतली यंत्रे तशीच उभी होती आणि नवे छाप कोरायला ना धातू होता ना सवड. त्यामुळे जुन्याच छापातून ‘राइख’चा उल्लेख आणि जिथे असेल तिथे गरुडाच्या पायाखालचे स्वस्तिक कानशीने घासून काढण्यात आले. जर्मन संग्राहक अशा घासलेल्या छापांना ‘आप्टिर्ट’, म्हणजे जुळवून घेतलेले, म्हणतात. घासताना धातूची एखादी कड उंच राहिली, की ती शाई पकडते आणि कागदावर ओरखडा उमटतो. माझ्या पाकिटावरचे ओरखडे तसेच होते.

आकडाही याला दुजोरा देत होता. एप्रिल १९४६ मध्ये जर्मनीतून परदेशी नागरी टपाल पुन्हा सुरू झाले तेव्हा साध्या परदेशी पत्राचा दर ७५ फेनिश होता. म्हणजे हे युद्धानंतरचेच पत्र, आणि मुंबईपर्यंत योग्य दराने आलेले.

तरीही इथे चौकट पुरेशी पडत नाही. नुसते ‘डॉइच्ये पोस्ट’ हे नाव त्या वर्षांत अमेरिकी, ब्रिटिश आणि सोव्हिएत ताब्यातल्या विभागांत सर्रास वापरले जात होते. पुढे पश्चिमेला ‘डॉइच्ये बुंडेसपोस्ट’ हे नाव आले आणि १९९० पर्यंत दोन्ही जर्मनी चौकटीवरूनच वेगळे काढता येतात, कारण ‘बुंडेस’ फक्त पश्चिमेचे. १९४७ साली मात्र मधला शब्दच नाही. तेव्हा चौकटीने ‘जर्मनी, राइखनंतर’ एवढे सांगितले आणि पुढचे काम गावाच्या शिक्क्याने केले. हाम्बुर्ग ब्रिटिश विभागात होते. हेच पाकीट लाइपझिगचे असते तर त्याच चौकटीचा अर्थ सोव्हिएत विभाग असा झाला असता.

गावाच्या शिक्क्यावर एवढाच आणि असाच भरवसा ठेवावा, चौकट वाचून झाल्यानंतर. कॅनडातही लंडन आहे. न्यूयॉर्कचा शिक्का असलेल्या एका पाकिटावर माझ्याकडे ‘युनायटेड नेशन्स’ अशी चौकट आहे. संयुक्त राष्ट्रांचे स्वतःचे टपाल प्रशासन १९५१ पासून न्यूयॉर्कच्या मुख्यालयात चालते, आणि तो ठसा अमेरिकेच्या टपालखात्याचा नाही. याउलट एका इंग्रज प्रकाशकाच्या नियतकालिकाच्या वेष्टनावर नेदरलँड्सची चौकट आहे. गठ्ठे स्वस्त दराच्या देशात नेऊन तिथून टपालात टाकण्याचा व्यवसाय मधल्या काळात युरोपात जोरात होता. त्या वेष्टनावरून प्रकाशक डच होता असे म्हणता येत नाही. त्याच्या टपालाचे पैसे डच खात्याने घेतले, एवढेच कळते.

अलीकडची पाकिटे खोक्याच्या वरच्या थरात आहेत. लाल रंगाचे बंधन आता राहिलेले नाही, जर्मनीचे नवे ठसे निळे असतात. शेजारी काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन येतो आणि त्यात यंत्राचा क्रमांक, रक्कम आणि तारीख साठवलेली असते. ती पोस्टाच्या यंत्रासाठी. माणसाला वाचण्यासाठी देशाचे किंवा टपालखात्याचे नाव अजून तसेच रोमन अक्षरांत छापतात. अमेरिकेच्या ठशावर गावाऐवजी पाठवणाऱ्या ठिकाणाचा पिनसारखा क्रमांक येतो, त्यामुळे तिथे तर चौकटीवाचून दुसरा आधारच नाही.

हाम्बुर्गचे पाकीट मी प्लास्टिकच्या पिशवीतून काढून साध्या पांढऱ्या कागदात ठेवले आहे. मागच्या बाजूला मामांनी पेन्सिलीने फक्त ‘जर्मनी?’ असे लिहिले होते. प्रश्नचिन्ह मी खोडलेले नाही, त्याखाली ‘ब्रिटिश विभाग, शब्द घासलेला’ एवढे लिहिले.