लाखाचा फरक, तोही वाटेतला

पुण्यातल्या एका कापड व्यापाऱ्याची नागपुरात स्वतंत्र शाखा आहे, असे समजू. स्वतंत्र म्हणजे हिशेबाच्या वह्या ती स्वतःच लिहिते. तिच्या खातेवहीत ‘मुख्य कार्यालय’ हे खाते असते आणि पुण्याच्या खातेवहीत ‘नागपूर शाखा’ हे. पुण्यात जेवढी नावे बाकी, तेवढीच नागपुरात जमा बाकी निघायला हवी. पण ३१ मार्चला पुणे ८,४०,००० रुपये दाखवते, नागपूर ७,४०,०००.

दोन्ही खाती शेजारी ठेवून नोंदींवर खुणा करत गेले, की जोडीदार नसलेल्या नोंदी उरतात. बहुधा त्या मार्चच्या अखेरच्या दिवसांतल्याच असतात. इथे अशा दोन सापडतात. पुण्याहून २८ मार्चला ६०,००० रुपयांचे कापड ट्रकने निघाले, ते नागपूरला पोचले २ एप्रिलला. नागपूरने ३० मार्चला कुरियरने पाठवलेला ४०,००० रुपयांचा चेक पुण्याला मिळाला ३ एप्रिलला.

नवखा हिशेबनीस इथे हमखास वजाबाकी करतो. माल इकडून गेला, पैसे तिकडून आले, म्हणजे फरक वीस हजारांचा, असे त्याला वाटते. ते चूक आहे. माल पाठवताच पुण्याने शाखेच्या नावे रक्कम टाकली, नागपूरने ती अजून जमा केलेली नाही. चेक पाठवताच नागपूरने मुख्य कार्यालयाची जमा घटवली, पुण्याने शाखेची नावे बाकी अजून घटवलेली नाही. दोन्ही कारणांनी पुण्याचाच आकडा मोठा राहतो. म्हणून बेरीज करायची, आणि लाखाचा फरक पुरता उलगडतो.

दुरुस्ती पुण्याच्या वहीत होते: मार्गस्थ माल ६०,००० नावे, मार्गस्थ रोकड ४०,००० नावे आणि नागपूर शाखा १,००,००० जमा. आता दोन्हीकडे ७,४०,०००. मालाच्या बिलात नफा चढवला असेल, तर ताळेबंदात मार्गस्थ माल मूळ खरेदी किमतीलाच धरावा लागतो.

मात्र बाक्या जुळल्या म्हणून काम संपत नाही. नागपूरच्या फर्निचरचे खाते पुण्याच्या वहीत आहे आणि त्यावरचा १०,००० रुपयांचा घसारा कुणीच लिहिलेला नाही. दोघांनीही नोंद विसरली, तर फरक दिसतच नाही! नागपूरने घसारा नावे टाकून मुख्य कार्यालय जमा करायचे, पुण्याने शाखा नावे टाकून फर्निचर जमा करायचे. दोन्ही बाक्या ७,५०,००० होतात. एकत्रीकरणात त्या एकमेकींना छेदून जातात, आणि एकत्रित ताळेबंदात मार्गस्थ माल व रोकड मालमत्तेच्या बाजूला उरतात.

मार्गस्थच्या नोंदी १ एप्रिलला उलटवायच्या असतात. ते राहिले आणि माल व चेक पोचल्यावर नेहमीच्या नोंदी झाल्या, की तोच लाखाचा फरक पुन्हा उभा राहतो, या वेळी नागपूरचा आकडा मोठा करून.