दोन कोपरे हाती, उरलेले कुठे?

कागदावर दोन बिंदू दिले आहेत. ते एका चौरसाचे शेजारशेजारचे शिरोबिंदू आहेत. मग उरलेले दोन कुठे येतील? चौरसाची बाजू आडवी असेल तर प्राथमिक शाळेतलं मूलही बोट ठेवून दाखवेल. बाजू तिरकी असली की मात्र पंचाईत होते. शाळेत शिकवलेल्या वाटेनं जायचं तर आधी बाजूचा चढ काढायचा, मग तिच्यावरच्या लंबाचा चढ, त्यानंतर अंतराचं सूत्र आणि शेवटी वर्गसमीकरण. एवढं करून दोन उत्तरं मिळतात, आणि त्यातलं कोणतं बाजूच्या डावीकडचं हे ओळखायला आकृती काढावीच लागते. संमिश्र संख्या हे सगळं काम एका गुणाकारात उरकतात.

ही युक्ती ज्या विचारातून आली, तो पहिल्यांदा नीट मांडला एका भूमापकानं. कास्पर वेसल हा मूळचा नॉर्वेचा, पण त्याचं आयुष्य डेन्मार्कचे नकाशे तयार करण्यात गेलं. दिशा आणि अंतर हाच त्याच्या रोजच्या कामाचा कच्चा माल होता. अंतर आणि दिशा मिळून एकच राशी मानली, तर अशा दोन राशींचा गुणाकार कसा करायचा, हे त्यानं १७९७ साली डॅनिश विज्ञान अकादमीपुढे वाचलेल्या निबंधात सांगितलं. निबंध १७९९ मध्ये छापला गेला, पण तो डॅनिश भाषेत होता आणि जवळजवळ शंभर वर्षं कुणाच्या नजरेत भरला नाही. दरम्यान १८०६ साली पॅरिसमध्ये आर्गाँनं तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली.

कल्पना अशी. आरंभबिंदूपासून ३ पावलं पूर्वेला आणि १ पाऊल उत्तरेला गेलं की जो बिंदू येतो, त्याला 3 + i म्हणायचं. पूर्वेचा आकडा साधा लिहायचा आणि उत्तरेच्या आकड्याला i जोडायचा. आता या संख्येला i नं गुणू. साध्या 3 चे 3i होतात, म्हणजे पूर्वेची ३ पावलं उत्तरेकडे वळली. i चा i² होतो, आणि i² म्हणजे −1. म्हणजे उत्तरेचं १ पाऊल पश्चिमेकडे वळलं. उत्तर आलं −1 + 3i. प्रत्येक पाऊल डावीकडे काटकोनात वळलं, त्यामुळे सगळी रेघच ९० अंशांतून फिरली आणि तिची लांबी तेवढीच राहिली. कवायतीत ‘डावीकडे वळ’ हा हुकूम दोनदा दिला की तोंड मागे फिरतं; i² = −1 या समीकरणात नेमकं तेवढंच आहे.

आता चौरस घेऊ. दिलेले दोन बिंदू आहेत A = 2 + i आणि B = 5 + 2i. पहिलं काम म्हणजे A पासून B पर्यंतची वाट काढणं. B मधून A वजा केला की 3 + i उरतात. ही बाजू डावीकडे वळवायची, म्हणून i नं गुणायचं: −1 + 3i. ही वळवलेली बाजू A ला जोडली की D मिळतो, B ला जोडली की C.

```
D = (2 + i) + (−1 + 3i) = 1 + 4i
C = (5 + 2i) + (−1 + 3i) = 4 + 5i
```

चौरस बाजूच्या उजवीकडे हवा असेल तर i ऐवजी −i नं गुणायचं. मग वळवलेली बाजू 1 − 3i होते आणि उरलेले शिरोबिंदू 3 − 2i आणि 6 − i येतात. दोन उत्तरं का, हा प्रश्न इथे उरत नाही, कारण डावं-उजवं त्या गुणकाच्या चिन्हातच दिसतं.

या रीतीत सगळ्यात जास्त चुकतं ते वजाबाकी विसरल्यानं. थेट B लाच i नं गुणलं तर −2 + 5i येतं. हा बिंदू खोटा नाही, पण तो B ला A भोवती न फिरवता आरंभबिंदूभोवती फिरवून आलेला आहे. गुणाकार नेहमी आरंभबिंदूलाच खुंटी मानतो. म्हणून A भोवती फिरवायचं तर आधी A वजा करायचा, फिरवायचं आणि A परत मिळवायचा. चूक पकडणंही सोपं आहे. A ते B या बाजूचा वर्ग 3² + 1², म्हणजे १० आहे. A पासून त्या चुकीच्या बिंदूपर्यंतच्या अंतराचा वर्ग मात्र ३२ भरतो.

कधी कधी शेजारचे नव्हे, तर समोरासमोरचे कोपरे दिलेले असतात. समजा A = 2 + i आणि C = 4 + 5i दिले आहेत. आता खुंटी कर्णाच्या मध्यावर, म्हणजे 3 + 3i वर ठोकायची. तिथून C पर्यंतची वाट 1 + 2i आहे. ती i नं गुणली की −2 + i होते. मध्यबिंदूत ही मिळवली की 1 + 4i, वजा केली की 5 + 2i. आधीच्याच चौरसाचे D आणि B परत आले. कर्ण दिलेला असेल तर चौरस एकच निघतो, कारण डावीकडे फिरवा की उजवीकडे, त्याच दोन बिंदूंची फक्त अदलाबदल होते.

समभुज त्रिकोणाची रीतही हीच, फक्त वळण काटकोनाऐवजी ६० अंशांचं. त्यासाठीचा गुणक आहे 1/2 + (√3/2)i. आपल्याच A आणि B वर त्रिकोण उभारायचा तर 3 + i ला या गुणकानं गुणायचं. उत्तर साधारण 0.634 + 3.098i येतं आणि A मिळवला की तिसरा शिरोबिंदू 2.634 + 4.098i. बाजूचा वर्ग तपासला तर तो पुन्हा १० च भरतो. दुसऱ्या अंगाचा त्रिकोण हवा असेल तर गुणकात अधिकऐवजी वजा घ्यायचं. मग तिसरा शिरोबिंदू 4.366 − 1.098i होतो.

चौरसाचे कोपरे पूर्णांकात आले आणि त्रिकोणाचा कोपरा दशांशात गेला, हा आकड्यांच्या निवडीचा दोष नाही. i नं गुणताना आकड्यांची फक्त जागा आणि चिन्ह बदलतं, म्हणून पूर्णांक पूर्णांकच राहतात. ६० अंशांच्या गुणकात √3 आहे आणि तो काही केल्या जात नाही. आलेख कागदाच्या रेघा जिथे छेदतात, अशा तीन बिंदूंनी कोणताही त्रिकोण काढा. त्याचं क्षेत्रफळ पूर्ण किंवा अर्ध्या चौकटींतच येतं. कारण तो एका आयतात बसवून बाजूचे काटकोन त्रिकोण आणि उरलाच तर एखादा आयत वजा करता येतो. समभुज त्रिकोणाचं क्षेत्रफळ मात्र बाजूच्या वर्गाला √3/4 नं गुणून येतं. पायथागोरसच्या प्रमेयानं तो वर्ग इथे पूर्णांक असतो, म्हणून क्षेत्रफळ अपरिमेय निघतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

त्यामुळे आलेख कागदाच्या छेदबिंदूंवर तिन्ही कोपरे असलेला समभुज त्रिकोण काढताच येत नाही. एका सेंटिमीटरच्या चौकटींवर (0, 0), (8, 0) आणि (4, 7) हे बिंदू जोडून पाहिले तर पट्टी जवळपास फसते: एक बाजू ८ सेंटिमीटर आणि उरलेल्या दोन √65, म्हणजे सुमारे ८.०६ सेंटिमीटर. फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडाच जास्त आहे.