फोनवरचं ध्वनिमुद्रण, भाग ५ : दोन रेघांची पिन

मागच्या कार्तिकात आमच्या गावच्या मंदिरात काकडआरतीची समाप्ती होती. काल्याचं कीर्तन फोनवर घ्यायचं असं भाच्याने ठरवलं. साउंडवाल्याच्या मिक्सरला मागे तीन काड्यांचं एक्सएलआर आउटपुट होतं. त्यातून एक केबल काढली. तिच्या दुसऱ्या टोकाला साडेतीन मिलिमीटरची पिन होती, ती फोनला जोडलेल्या छोट्या यूएसबी साउंडकार्डाच्या स्टिरिओ लाइन-इनमध्ये बसवली. हेडफोन लावून ऐकलं तर आवाज स्वच्छ येत होता, थोडा विचित्र, पोकळ वाटला एवढंच. दीड तास रेकॉर्डिंग झालं. रात्री बहिणीने तेच तिच्या फोनच्या स्पीकरवर लावलं, तर बुवांचा आवाजच नाही! नुसतं बारीक सूं ऐकू येत होतं. हेडफोन लावला की बुवा परत हजर.

फाइल बिघडलेली नव्हती. चूक पिनच्या अर्थात होती, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

वायरीतून आवाज जातो तो विजेच्या चढउताराच्या रूपात. अनबॅलन्स्ड वायरीत त्यासाठी एकच तार असते आणि तिच्याभोवतीची जाळी ही परतीची वाट. शेजारून मांडवाच्या लायटिंगची वायर गेली, की 50 हर्ट्झची घरघर त्या तारेत शिरते आणि आवाजात मिसळते. बॅलन्स्ड वायरीत जाळीच्या आत दोन तारा असतात. एकीतून आवाज सुलटा जातो, दुसरीतून तोच उलटा. म्हणजे एकीत चढ असेल तेव्हा दुसरीत उतार. बाहेरची घरघर मात्र दोन्ही तारांत सारखीच शिरते. पलीकडचं यंत्र या दोघींतला फरक तेवढा घेतं. सुलट्या-उलट्याचा फरक काढला की आवाज दुप्पट होतो, आणि सारख्या घरघरीचा फरक शून्य. म्हणून सभागृहात तीस-चाळीस मीटर वायर ओढूनही माइक शांत राहतो. एक्सएलआरमध्ये 1 क्रमांकाची काडी जाळीची, 2 सुलट्या तारेची आणि 3 उलट्या तारेची.

आता साडेतीन मिलिमीटरच्या पिनकडे पाहा. तिच्यावर काळ्या रेघा असतात. दोन रेघा म्हणजे धातूचे तीन भाग: टोक, मधलं कडं आणि बूड. हीच पिन दोन वेगळ्या कामांना वापरतात. स्टिरिओत टोकावर डावा आवाज, कड्यावर उजवा. बॅलन्स्डमध्ये टोकावर सुलटा, कड्यावर उलटा. बूड दोन्हीकडे ग्राउंड. धातू तोच, आकार तोच, अर्थ मात्र वेगळा. भाच्याच्या केबलमध्ये उलटी तार कड्यावर आणलेली होती. साउंडकार्डाने तिला ‘उजवा’ समजून नोंदवलं. डाव्या कानात बुवा सुलटे, उजव्या कानात उलटे. बहिणीच्या फोनला स्पीकर एकच. त्याने दोन्हींची बेरीज केली आणि बुवा स्वतःलाच खोडून बसले.

फोनच्या स्वतःच्या हेडफोन जॅकची गोष्ट आणखी वेगळी. तिथली पिन तीन रेघांची, चार भागांची. जॅक असलेल्या आजच्या बहुतेक फोनांत टोकाकडून पाहिलं तर डावा कान, उजवा कान, ग्राउंड आणि शेवटी बुडाशी माइक. माइकसाठी तार एकच, उलट्या तारेला जागाच नाही. त्यामुळे कोणत्याही साध्या अडॅप्टरने फोन बॅलन्स्ड होत नाही. पाकिटावर काहीही छापलेलं असो. अडॅप्टर एवढंच करतो, की 2 क्रमांकाची तार माइकच्या भागाला जोडतो, 1 ग्राउंडला आणि 3 ग्राउंडला बांधतो किंवा मोकळी सोडतो. तिथून पुढे वायर अनबॅलन्स्ड. म्हणून अडॅप्टर नेहमी फोनच्या टोकाला लावावा, मिक्सरच्या टोकाला नाही. लांबचा प्रवास एक्सएलआर केबलने होऊ द्या, शेवटचा हातभरच अनबॅलन्स्ड ठेवा. खरंच बॅलन्स्ड हवं असेल, तर ज्याच्या अंगावर एक्सएलआर सॉकेट आहे असा यूएसबी इंटरफेस घ्यावा लागतो. मात्र ऑडिओ फोनकडे नेणारी त्याची वायर यूएसबीची हवी. काही पेट्यांना एक्सएलआर असतं, पण त्यांतून फोनकडे तीन रेघांची पिनच जाते.

कॅमेऱ्यासाठीच्या कॉलर माइकला बहुधा दोन रेघांची पिन असते. ती थेट फोनमध्ये घातली, की तिचं लांब बूड फोनमधले ग्राउंड आणि माइक हे दोन्ही भाग एकत्र दाबून धरतं. फोनला वाटतं, हा बिनमाइकचा हेडफोन आहे. आणि तो निमूटपणे स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करत राहतो. कित्येक मुलाखती अशा गेल्या आहेत. दोन रेघांवरून तीन रेघांवर नेणारा अडॅप्टर हा त्यावरचा उपाय. रेकॉर्डिंग सुरू करून नखाने आधी कॉलर माइकला आणि मग फोनच्या खालच्या कडेला खाजवा. मोठा खरखराट कुठे उमटतो, त्यावरून चालू माइक कोणता ते कळतं.

गाण्याचा जाडजूड डायनॅमिक माइक साध्या वायरीने फोनला लावला, तर कधी रेकॉर्डिंगऐवजी फोनचा आवाजच कमी-जास्त होऊ लागतो. अँड्रॉइडच्या नियमाप्रमाणे हेडसेटच्या माइकचा रोध किमान 1000 ओहम असावा. त्याहून कमी दिसला, की फोन त्याला बटण समजतो. 210 ते 290 ओहम म्हणजे ‘आवाज वाढव’. डायनॅमिक माइकच्या आतली तार नेमकी त्या आसपास मोजली जाऊ शकते. अशा माइकला मधे प्रीअँप असलेला अडॅप्टर लागतो.

केबल विकत घेताना दुकानदाराला विचारून फार काही कळत नाही. शंभर-दोनशे रुपये खर्च होण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवून पाहा. एक्सएलआरची 2 क्रमांकाची काडी पिनच्या टोकाशी बीप देईल. मग 3 तपासा. 3 कड्याशी बोलली, तर केबल बॅलन्स्ड आहे, स्टिरिओ इनपुटला घालू नका. 3 बुडाशी बोलली, तर अनबॅलन्स्ड. आणि 2 जर टोक आणि कडं या दोन्हींशी बोलली, तर ती स्टिरिओ लाइन-इनसाठीच केलेली केबल आहे: एकच आवाज दोन्ही कानांत, दोन्हीकडे सुलटा. भाच्याला हवी होती ती हीच.

त्याचं कीर्तन वाचलं. संगणकावर Audacity उघडून ट्रॅकच्या मेनूतून Split Stereo to Mono केलं, म्हणजे डावा-उजवा वेगळे झाले. एक काढून टाकला असता तरी भागलं असतं. आम्ही उजव्याला Invert लावला आणि दोन्ही मिसळले. उलटा सुलटा झाला, आवाज भरून आला. लायटिंगची जी पुसट घरघर दोन्ही ट्रॅकांत सारखी होती, ती मात्र आता एकमेकींविरुद्ध उभी राहून जवळजवळ नाहीशी झाली. बॅलन्स्ड इनपुटने मांडवात केलं असतं ते काम आम्ही चार दिवसांनी ओसरीवर केलं. लाइन-इन स्टिरिओ होतं आणि दोन्ही तारा वेगळ्या नोंदल्या गेल्या होत्या, म्हणूनच हे जमलं. साउंडकार्डाने दोन्ही बाजू एकत्र मिसळून मोनो नोंदवलं असतं, तर रेकॉर्डिंगच्या वेळीच बेरीज झाली असती आणि मग परत आणायला काही उरलं नसतं.

तुमच्याकडे असं हेडफोनवर बोलणारं आणि स्पीकरवर मुकं झालेलं एखादं जुनं रेकॉर्डिंग असेल, तर ते पुसू नका. आधी त्याच्या एका बाजूला Invert लावून पाहा.