डिफेन्स कच्चा की खिसा रिकामा?

'व्हॅलोरंट' या नेमबाजीच्या खेळात पाच-पाच जणांचे दोन संघ असतात. एक स्पाइक (बॉम्ब) लावायला येतो, तो अटॅक. दुसरा अडवतो, तो डिफेन्स. 12 राउंडनंतर बाजू बदलतात आणि 13 राउंड आधी जिंकणारा संघ मॅप, म्हणजे त्या मैदानावरचा सामना, जिंकतो. संघ नेमका कुठे कमी पडतो, हे आकड्यांवरून कसे शोधायचे ते पाहू.

पहिली पायरी: प्रत्येक राउंडची एक ओळ लिहा. मॅप, बाजू, निकाल आणि दोन्ही संघांच्या हातातल्या सामानाची किंमत. किंमत राउंड सुरू होताना हातात असलेल्या सामानाची धरा, त्या राउंडमध्ये झालेल्या खर्चाची नव्हे. मागच्या राउंडमधून वाचवलेली बंदूक फुकट दिसते, पण मारते तितकीच.

दुसरी पायरी: या किमतीनुसार गट पाडा. व्हँडल रायफल 2900 क्रेडिटची, जड चिलखत 1000 चे. म्हणजे पाच जणांचे 19,500. म्हणून साधारण 20,000 च्या पुढे 'फुल बाय', म्हणजे पूर्ण खरेदी. बाकीची कमी खरेदी. प्रत्येक अर्धातला पहिला, 800 क्रेडिटचा पिस्तूल राउंड वेगळा ठेवा. जादा वेळेचे राउंडही बाजूला काढा, कारण तिथे पैसे ठरवून दिलेले असतात.

तिसरी पायरी: एका वेळी एकच मॅप घ्या आणि बाजूनिहाय टक्केवारी काढा. दुसरा अर्ध मध्येच संपू शकतो, त्यामुळे नुसत्या जिंकलेल्या राउंडची तुलना फसवते. समजा, असेंट या मॅपवर पाच सामन्यांत आपल्या संघाने अटॅकचे 52 पैकी 28 (54 टक्के) आणि डिफेन्सचे 50 पैकी 21 (42 टक्के) राउंड जिंकले. डिफेन्स कच्चा आहे, असे लगेच वाटते. इथेच बहुतेक जण थांबतात.

चौथी पायरी: डिफेन्सचे ते 50 राउंड या गटांनुसार फोडा.

पिस्तूल: 5 पैकी 1
आपली खरेदी कमी, समोरच्यांची जास्त: 13 पैकी 2
दोघांचीही पूर्ण: 26 पैकी 13
आपली पूर्ण, समोरच्यांची कमी: 6 पैकी 5

बरोबरीच्या शस्त्रांनी संघ निम्मे राउंड जिंकतो आहे. डिफेन्सची टक्केवारी खाली ओढली ती पैशाची चणचण असलेल्या राउंडनी. पिस्तूल राउंड हरल्यावर प्रत्येकाला 1900 क्रेडिट मिळतात. तेवढ्यात रायफल येत नाही, म्हणून पुढचा राउंडही बहुधा जातो. एका पराभवाचे दोन होतात.

शेवटी मर्यादा. 26 राउंडमध्ये एका राउंडने टक्केवारी जवळपास चारने हलते, तर पाच पिस्तूल राउंडवरून टक्केवारी काढण्यात अर्थच नाही. आकडे फक्त जागा दाखवतात; ते पाच राउंड आणि त्यांच्या लगेच नंतरचे राउंड आपण व्हिडिओत पाहा. पहिला गडी कुठे पडला आणि हरल्यावर पाचही जणांनी मिळून पैसे राखले की दोघांनीच खरेदी केली, हे तिथेच कळेल.